रिमोट-चार्जर रविवार: मोहिमेला नाव देताना

नमस्कार. सोसायटीत ई-कचरा गोळा करायचा ठरला की कमिटीच्या मीटिंगमध्ये तारीख, जागा, गाडी यावर तासभर बोलणं होतं. नाव मात्र शेवटच्या दोन मिनिटांत उरकतात. कोणीतरी म्हणतं, "लिहा, ई-कचरा संकलन मोहीम," आणि नोटीस टाईप होते. आज मी त्या दोन मिनिटांबद्दलच बोलणार आहे, कारण आमचा एक अख्खा रविवार त्यांच्यापायी वाया गेला.

आमची सोसायटी १४४ घरांची. पहिल्या वेळी हेच नाव होतं. लिफ्टशेजारी नोटीस लावली, ग्रुपवर मेसेज टाकला, गेटजवळ टेबल मांडून दोन मोठी खोकी ठेवली. सकाळी दहा ते एक या वेळात नऊ घरांतून माणसं आली, त्यातली चार घरं कमिटीचीच. दुपारी मी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे गेले आणि सहज विचारलं, "तुम्ही खाली आला नाहीत?" त्या म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे कुठला ई-कचरा? आम्ही दोघंही कॉम्प्युटर वापरत नाही." हे म्हणता म्हणता त्यांनी चष्मा शोधायला टीव्हीखालचा ड्रॉवर उघडला. मी बघत होते. तीन रिमोट, त्यातला एक रबर बँड लावलेला. दोन चार्जर, एकमेकांत गुंतलेले. मागचं झाकण निघालेला एक मोबाईल. बंद पडलेलं बीपीचं मशीन. आणि एका पिशवीत वापरून झालेले सेल.

काकू खोटं बोलत नव्हत्या. आमची नोटीस त्यांनी वाचली होती, आणि ती आपल्यासाठी नाही असंच त्यांना मनापासून वाटलं होतं. असं का वाटलं, हे मी नंतर बऱ्याच घरांत विचारलं. दोन गोष्टी पुन्हा पुन्हा समोर आल्या. एक म्हणजे 'ई' या अक्षरावरून लोकांच्या डोळ्यांसमोर कॉम्प्युटर येतो, फार तर लॅपटॉप. रिमोट, इस्त्री, टॉर्च, मुलांची सेलवर चालणारी गाडी यांतलं काहीच येत नाही. दुसरी गोष्ट जास्त खोलवरची आहे. 'कचरा' हा शब्द आपण टाकायचं ठरवून झालेल्या वस्तूला लावतो. ड्रॉवरमधल्या चार्जरबद्दल तसं काही ठरलेलं नसतं. त्याचे पैसे मोजलेले असतात, तो कधीतरी लागेल असं वाटत असतं. त्याला कचरा म्हटलं की माणूस मनातल्या मनात म्हणतो, हा कचरा थोडाच आहे! आणि ड्रॉवर पुन्हा बंद होतो.

या छोट्या वस्तूंचा मुद्दा मी उगाच धरून बसलेले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक अहवालानुसार २०२२ साली जगभरात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला. त्यातला जवळजवळ एक तृतीयांश भाग लहान उपकरणांचा होता, आणि त्यांपैकी नोंद होऊन रीतसर पुनर्प्रक्रियेला गेलेलं प्रमाण होतं फक्त सुमारे १२ टक्के. फ्रिज आणि वॉशिंग मशीन घरात जागा अडवतात, त्यामुळे कधी ना कधी ते बाहेर पडतातच. चार्जर जागा अडवत नाही. म्हणून नाव ठेवायचं तर त्या चार्जरसाठी ठेवायला हवं.

पहिल्या फसलेल्या रविवारनंतर आम्ही नवीन नावं काढायला बसलो. एका उत्साही मुलाने 'ई-वेस्ट ड्राइव्ह' सुचवलं. शब्द ओळखीचे आहेत, पण 'ड्राइव्ह' म्हटल्यावर कोणाला पेन ड्राइव्ह आठवतो, कोणाला गाडी. 'हरित सोसायटी अभियान' म्हटलं तर लोक झाडं लावायला येतील. 'स्वच्छता' म्हटलं तर झाडू घेऊन. 'डिजिटल सफाई' या नावात मिक्सर आणि इस्त्री बसत नाहीत, शिवाय ते फोनमधले फोटो डिलीट करण्याबद्दल वाटतं. 'भंगार' हा खरं तर सगळ्यांना कळणारा शब्द आहे, पण भंगाराचे पैसे मिळतात हे घराघरात पक्कं माहीत आहे. त्या नावाने बोलावलं तर टेबलापाशी पहिला प्रश्न भावाचाच येईल.

सर्वात जास्त वेळ आम्ही 'ई-दान' या नावावर घालवला. ते ऐकायला चांगलं होतं आणि सगळ्यांना आवडलंही होतं. पण दान म्हटलं की देणाऱ्याच्या मनात घेणारा उभा राहतो. आपला जुना टॅब कोणा मुलाच्या हातात जाईल असं त्याला वाटतं. आमच्याकडच्या वस्तू मात्र तोडून, वेगळ्या करून, वितळवायला जाणार होत्या. चालू लॅपटॉप दान म्हणून दिलेल्या माणसाला तो सुटा केला गेला हे कळलं, तर पुढच्या वेळी तो सेलसुद्धा आणणार नाही. नाव हा एक शब्द दिल्यासारखाच असतो. जे होणार नाही ते नावात येऊ नये, मग नाव कितीही गोड असो. वस्तू खरोखर दुरुस्त करून कोणाला देणार असाल तर त्यासाठी वेगळा दिवस आणि वेगळं नाव ठेवा.

इथे एक मोठं उदाहरण सांगते. तोक्यो ऑलिंपिकची पदकं जुन्या उपकरणांतल्या धातूंपासून बनवायची ठरली, तेव्हा एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या काळात जपानभर ती उपकरणं गोळा केली गेली. त्या उपक्रमाचं जपानी नाव मराठीत सांगायचं तर साधारण असं होतं: 'शहरातल्या खाणीतून घडवू या, सगळ्यांची पदकं'. या नावात कचरा हा शब्दच नाही. वस्तू कुठून येणार ते आहे, तिचं काय होणार ते आहे आणि ती कोणाची तेही आहे. सुमारे ७९ हजार टन छोटी उपकरणं जमली, त्यांत ६२ लाखांहून जास्त मोबाईल होते. त्यातून ३२ किलोच्या आसपास सोनं निघालं आणि सुमारे ५ हजार पदकं खरोखर बनली. नावाने जे सांगितलं ते लोकांना डोळ्यांनी दिसलं. ही पद्धत मला फार आवडते, पण सोसायटीने तिची नक्कल करू नये. आपल्याला पदक दाखवता येत नाही. आपल्या हातात शेवटी वजनाची पावती आणि एक प्रमाणपत्र येतं. 'सोनं', 'खजिना' असे शब्द नावात घातले की पुन्हा भावाचा प्रश्न आलाच.

शेवट दाखवता येत नसेल तर सुरुवात दाखवा, असं मग आम्ही ठरवलं. म्हणजे माणसाच्या घरातली वस्तूच नावात घ्यायची. पहिलं नाव निघालं 'खण रिकामा करा'. मला ते फार आवडलं होतं. पण आमच्या मजल्यावरच्या एका आजींना वाटलं की चोळीचे खण गोळा करताय! तरुण मुलांना तर खण म्हणजे ड्रॉवर हेच माहीत नव्हतं. दुसरं होतं 'बंद वस्तूंचा रविवार'. ते नोटीसवर मोठ्या अक्षरात लिहिल्यावर लांबून फक्त 'बंद' आणि 'रविवार' वाचलं जायचं, आणि त्या दिवशी काय बंद आहे असं लोक वॉचमनला विचारायला लागले असते. तिसरं होतं 'रिमोट-चार्जर रविवार'.

ही तिन्ही नावं आम्ही कागदावर लिहून बारा जणांना दाखवली. त्यांत शाळकरी मुलं होती, आजी-आजोबा होते, घरकामाला येणाऱ्या ताई आणि वॉचमनही होते. नाव आवडलं का, हे मुद्दाम विचारलं नाही. तसं विचारलं की लोक आपलं मन राखतात. एकच प्रश्न विचारला: "हे वाचून तुम्ही घरातून काय आणाल?" आणि उत्तर जसंच्या तसं लिहून घेतलं. 'रिमोट-चार्जर रविवार' वाचून बारापैकी दहा जणांनी लगेच वस्तूंची नावं घेतली. त्यातल्या सहा जणांनी नावात नसलेल्या वस्तूही सांगितल्या: इअरफोन, टॉर्च, जुना मोबाईल. मी नाव पारखते ते यावरून. ऐकणाऱ्याच्या तोंडून नावाबाहेरची वस्तू आली, म्हणजे नाव त्याच्या घरात पोचलं. तो नुसता "छान आहे" म्हणाला, तर पोचलं नाही.

नावाखाली एकच ओळ होती: 'प्लग, वायर किंवा सेल असलेलं, बंद पडलेलं काहीही. सकाळी दहा ते एक, गेटजवळ.' हद्द आखायला प्लग, वायर, सेल हे तीन शब्द पुरतात. त्यामुळे जुने कपडे आणि तुटक्या खुर्च्या आल्या नाहीत.

कागदपत्रांत मात्र हे नाव चालणार नाही. ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि माल नोंदणी असलेल्याच पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जायला हवा. त्याच्याशी होणारा पत्रव्यवहार, पावती, कमिटीचा ठराव यांत 'ई-कचरा' हाच शब्द लिहा. बोर्डावर आणि खोक्यांवर लोकांचं नाव ठेवा. दोन्हींची सरमिसळ झाली की नोटीस पुन्हा सरकारी वाटायला लागते.

दुसऱ्या वेळी ६१ घरं आली. वजन ८७ किलो भरलं. काकूंनी तो ड्रॉवरच काढून आणला होता, अख्खा, आणि टेबलावर ठेवून म्हणाल्या, "यातलं काय काय चालतं ते तूच बघ." रबर बँडवाला रिमोट त्यांनी परत नेला, तो चालू होता.

काय आलं नाही, तेही सांगते. लॅपटॉप दोनच आले आणि मोबाईल फार थोडे. नाव बदलून हे सुटणार नाही, कारण तिथे अडवते ती फोटोंची आणि बँकेच्या माहितीची भीती, आणि ती भीती रास्त आहे. 'मोबाईल' हा शब्द आम्ही नावात घेतला नाही तो यामुळेच. त्याऐवजी टेबलावर एक माणूस बसवला. सिम आणि मेमरी कार्ड काढून मालकाच्या हातात देणं, फोन सुरू होत असेल तर खात्यातून बाहेर पडून तो त्याच्यासमोर रिसेट करणं, लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून हवी तर परत देणं, एवढंच त्याचं काम.

आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आधी आली नव्हती. एका घरातून बॅटरी फुगलेला मोबाईल आला आणि तो इतर सामानासोबत खोक्यात टाकला गेला. सुदैवाने कोणीतरी लगेच पाहिलं. अशी बॅटरी दाबली गेली तर पेट घेऊ शकते. आता आम्ही उघड्यावर कोरड्या वाळूची लोखंडी बादली ठेवतो, आणि नोटीसच्या खाली लिहितो: 'फुगलेली बॅटरी खोक्यात टाकू नका, हातात द्या.'

वजनाची पावती आली की ती त्याच बोर्डावर, त्याच नावाखाली लावतो आणि सहा महिने तिथेच राहू देतो. पुढच्या वेळी नाव बदलायचा आग्रह झाला, काहींना तेच तेच वाटत होतं. मी बदलू दिलं नाही. ग्रुपवर विषय निघायच्या आधीच वॉचमनने मला सांगितलं होतं, की सी विंगमधले नवे भाडेकरू रिमोट-चार्जर रविवार कधी आहे म्हणून विचारत होते.