कलम पाच आणि त्यानंतरचं कलम

(अमळनेर येथील व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, नाटोबद्दल आपण नेहमी ऐकतो की एका देशावर हल्ला झाला की बाकीचे सगळे आपोआप युद्धात उतरतात. करारात तसं लिहिलेलं नाही. 4 एप्रिल 1949 च्या त्या कराराचं पाचवं कलम नीट वाचा. एकावरचा हल्ला हा सगळ्यांवरचा हल्ला मानला जाईल, हे त्यात आहे. पण पुढे प्रत्येक देशाने ‘स्वतःला आवश्यक वाटेल ती’ कृती करायची आहे. त्यात सशस्त्र बळाचा वापरही येतो, पण तो केलाच पाहिजे असं बंधन नाही.

हे शब्द मुद्दाम असे ठेवले आहेत. वर्षभर आधी ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी ब्रुसेल्स करार केला होता. त्यात आपल्या ताकदीतली सर्व लष्करी मदत देण्याचं वचन होतं. अमेरिकी सिनेटला तेवढं नको होतं. युद्ध जाहीर करण्याचा अधिकार तिथे काँग्रेसचा, तो करारातच आधी देऊन टाकायला ते तयार नव्हते.

आता गोव्याकडे या. पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य. डिसेंबर 1961 मध्ये आपलं सैन्य गोव्यात शिरलं, तेव्हा नाटो का लढली नाही? उत्तर सहाव्या कलमात आहे. हे कलम वचनाची हद्द आखतं: युरोप, उत्तर अमेरिका, आणि उत्तर अटलांटिकमधली कर्कवृत्ताच्या वरची बेटं. गोवा यातल्या कशातच बसत नव्हता. सुरक्षा परिषदेत भारताने सैन्य मागे घ्यावं असा ठराव आला, तो मांडणारे अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान, म्हणजे सगळे नाटोचेच. सोव्हिएत रशियाने नकाराधिकार वापरला. पोर्तुगालला त्यांच्याकडून पाठिंब्याचं मत मिळालं, फौज मिळाली नाही. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो, कारण वचन आणि त्याची हद्द दोन्ही इथे एकत्र दिसतात.

पाचवं कलम आजवर एकदाच लागू झालं, अमेरिकेवरच्या 2001 च्या हल्ल्यानंतर. तेही दोन टप्प्यांत: 12 सप्टेंबरला अट घालून, हल्ला परदेशातून झाल्याचं ठरलं तर, आणि खातरजमा झाल्यावर 2 ऑक्टोबरला पक्कं. मग मित्रांनी काय दिलं? गुप्त माहिती, विमानांना हवाई हद्द, बंदरं आणि तळ वापरण्याची मुभा. नाटोची टेहळणी विमानं काही महिने अमेरिकेच्या आकाशात पहारा देत होती. अफगाणिस्तानातली पहिली चढाई मात्र अमेरिकेने आपल्याच नेतृत्वाखाली केली.

कागदातली ही सैल जागा रशियाच्या शेजारच्या छोट्या देशांना नेमकी ठाऊक आहे. म्हणून 2017 पासून एस्टोनियात ब्रिटिश, लाटव्हियात कॅनडाच्या आणि लिथुआनियात जर्मन नेतृत्वाखालील तुकड्या तैनात आहेत. या तुकड्या एकट्याने मोठं आक्रमण थोपवू शकणार नाहीत. पण हल्ला झाला तर पहिल्याच दिवशी ब्रिटिश, कॅनेडियन, जर्मन सैनिकांवर गोळ्या झाडल्या जातील, आणि आपल्याला काय ‘आवश्यक वाटतं’ हे त्या सरकारांना तेव्हा ठरवावं लागेल.