फोटोतलं बिल आणि खरेदीची कच्ची नोंद

श्रोतेहो, नमस्कार. सांगलीच्या गणपती पेठेतल्या एका हार्डवेअर दुकानाचे हिशोब मी सांभाळते. माल आला की आम्ही बिलाचा मोबाइलवर फोटो काढतो. ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, तो वाचून खरेदीची कच्ची नोंद तयार करतं. आमचा कारकून ती तपासतो, मगच ती खात्याला लागते. या तपासण्याबद्दलच मला बोलायचंय.

एक बिल सांगते. बिजागऱ्यांचे 48 जोड, दर 175, रक्कम 8,400. सीजीएसटी 9 टक्क्यांनी 756, एसजीएसटी तेवढाच, एकूण 9,912 रुपये. कागदाची घडी नेमकी दरावर पडलेली, म्हणून ओसीआरनं 175 चे 115 वाचले. पण 48 गुणिले 115 होतात 5,520. ते 8,400 शी जुळेनात, आणि ओळ लाल झाली. 8,400 ला 48 नं भागून सॉफ्टवेअरला दर काढता आला असता. तरी त्यानं तो आपणहून बदलू नये, असं माझं ठाम मत आहे. कारण पुढच्या बिलात चुकलेला आकडा दराचा नसेल, नगांचा असेल. हाती लिहिलेल्या बिलात तर मराठी १ चा 9 आणि ४ चा 8 सहज होतो. तिथंही गुणाकारच चूक पकडून देतो.

बिल नंबराला मात्र गुणाकार नसतो. हेच बिल, नंबर 1083, टेम्पोबरोबर आलं आणि नोंदलं गेलं. चार दिवसांनी पुरवठादारानं पैशाची आठवण म्हणून त्याचाच फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यावर शिक्का उमटलेला, म्हणून 8 चा 6 झाला. 1063 हे नवं बिल समजून दुसरी नोंद झाली. बेरीज बरोबर, कर बरोबर, काहीच लाल नाही. खात्यावर देणं 19,824 आणि स्टॉकमध्ये 96 जोड! पुढच्या महिन्यात जीएसटीआर-2बीशी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांच्या जीएसटी पोर्टलवरच्या यादीशी, खरेदी जुळवताना तिथं एकटं 1083 दिसलं, तेव्हा उलगडा झाला.

तेव्हापासून जीएसटी नंबर, तारीख आणि एकूण रक्कम तीन्ही सारखी असली, तर बिल नंबर वेगळा असला तरी नोंद अडकते. दुसरा बदल मला जास्त मोलाचा वाटतो. बिल नंबर आणि तारखेचे रकाने आता कारकुनाला रिकामे दिसतात. फोटो बघून तो स्वतः टाइप करतो, मग सॉफ्टवेअर आपल्या वाचनाशी ताडून बघतं. आधीच भरलेला नंबर समोर असला की डोळा तोच वाचतो, आणि संध्याकाळी तिसाव्या बिलाला बोट नुसतं एंटर दाबत राहतं. दोघांचं जुळलं नाही, तर फाईलमधून मूळ बिल काढायचं आणि उजेडात धरून नंबर वाचायचा.