साबण झाला, पण सोडा उरला का?

[दृश्य : काचेचं चंचुपात्र जवळून. खाली पारदर्शक द्रावण, वर पिवळसर तेलाचा थर.]

खाली कॉस्टिक सोड्याचं द्रावण आहे आणि वर खोबरेल तेल. दोघं एकमेकांना लागून उभे आहेत, पण घडत काहीच नाही. तेल पाण्यात मिसळत नाही आणि सोडा तेलात विरघळत नाही. अभिक्रिया होणार ती फक्त या दोन थरांच्या सीमेवर, त्या एका रेषेत. प्रयोगशाळेत साबण करायचा म्हणजे आधी ही रेषा मोडायची. पुढची निम्मी मेहनत त्यासाठीच असते.

[दृश्य : पडद्यावर तेलाच्या रेणूची आकृती. मधला कणा, त्याला तीन लांब साखळ्या.]

तेलाच्या रेणूत ग्लिसरॉलचा एक छोटा कणा असतो आणि त्याला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या एस्टर बंधांनी जोडलेल्या असतात. सोडिअम हायड्रॉक्साइड, म्हणजेच कॉस्टिक सोडा, हे तिन्ही बंध तोडतं. कणा सुटून ग्लिसरॉल होतो, म्हणजे आपलं ग्लिसरीन. प्रत्येक साखळीला सोडिअम येऊन मिळतं आणि तयार होतो साबण. याला साबणीकरण म्हणतात. खोबरेल तेलात लॉरिक आम्लाच्या साखळ्या सर्वांत जास्त, जवळपास निम्म्या असतात. म्हणून तिन्ही साखळ्या लॉरिकच्याच आहेत असं धरून समीकरण मांडू.

[पडद्यावर :]

```
C3H5(OCOC11H23)3 + 3 NaOH → C3H5(OH)3 + 3 C11H23COONa
```

तेलाच्या एका रेणूला सोड्याचे तीन लागतात. वजनात सांगायचं तर ६३९ ग्रॅम तेलाला १२० ग्रॅम सोडा. पण खरं तेल एकाच जातीच्या रेणूंचं नसतं, त्यात लांब-आखूड साखळ्यांची सरमिसळ असते. त्यामुळे प्रयोगशाळेत समीकरणावर न थांबता त्या तेलाचा साबणीकरण अंक पाहतात. त्यावरून खोबरेल तेलाच्या एका ग्रॅमला साधारण ०.१८३ ग्रॅम सोडिअम हायड्रॉक्साइड लागतं. आज आपण २० ग्रॅम तेल घेतलंय. हिशेबाने सोडा हवा ३.६६ ग्रॅम. आपण घेणार आहोत ४.४ ग्रॅम, म्हणजे सुमारे पाऊण ग्रॅम जास्त.

हा जास्तीचा सोडा मुद्दाम घेतलाय. तेल शिल्लक राहू नये, अभिक्रिया शेवटपर्यंत जावी, म्हणून. पण तोच सोडा नंतर साबणातून काढायचाही आहे. तो निघाला की नाही हे कळणार कसं, ते शेवटी पाहू. इथेच बरेच जण फसतात.

[दृश्य : गॉगल, हातमोजे, सुती एप्रन घातलेले हात. वजनकाट्यावर पांढऱ्या गोळ्या.]

गॉगल आधी, बाटलीचं झाकण नंतर. सोडा कातडीला भाजतो, पण खरी भीती डोळ्यांची आहे. एक थेंबसुद्धा डोळ्याची कायमची हानी करू शकतो. कॉन्टॅक्ट लेन्स घालून हा प्रयोग करायचा नाही. वजन झटपट करायचं, कारण या गोळ्या हवेतला ओलावा ओढून घेतात आणि बघता बघता ओल्या, चिकट होतात. काट्यावर सांडलेली गोळी चिमटीत धरायची नाही.

बोटांना कुठे गुळगुळीत, बुळबुळीत लागलं, तर सोडा लागलाय हे समजायचं. तो बुळबुळीतपणा येतो कारण सोडा कातडीवरच्या स्निग्ध द्रव्याचाच साबण करायला लागलेला असतो. लगेच वाहत्या पाण्याखाली हात धरायचा. डोळ्यात गेला तर पापण्या उघड्या ठेवून वाहत्या पाण्याने निदान १५ ते २० मिनिटं धुवायचं आणि डॉक्टरकडे जायचं. व्हिनेगर किंवा दुसरं आम्ल लावून सोडा मारायच्या फंदात पडू नये. तेवढा वेळ वाया जातो आणि वर उष्णताही निर्माण होते.

[दृश्य : चंचुपात्रात १८ मिलिलिटर पाणी. गोळ्या थोड्या थोड्या सोडल्या जातात. तापमापीचा पारा चढतो.]

पाण्यात सोडा घालायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. पाहा, आच न लावताच तापमापी किती भराभर वर चाललीय. एवढ्याशा पाण्यातलं हे द्रावण चटका बसेल इतकं तापतं. गोळ्यांवर पाणी ओतलं असतं तर ते जागीच उकळून उडालं असतं. भांडं काचेचं, ढवळायला काचकांडी. ॲल्युमिनिअम इथे अजिबात चालत नाही. सोडा त्याला खातो आणि हायड्रोजन वायू बाहेर पडतो.

[दृश्य : धूरकक्षात हॉट प्लेटवर वॉटर बाथ. तेलात २० मिलिलिटर इथेनॉल, मग सोड्याचं द्रावण.]

आता ती रेषा मोडण्याची वेळ. तेलात आपण २० मिलिलिटर इथेनॉल घातलंय. इथेनॉल पाण्यात पूर्ण मिसळतं आणि तेलालाही थोडंफार सामावून घेतं, त्यामुळे तेल आणि सोडा यांची गाठ पडते. पण इथेनॉलची वाफ सहज पेट घेते. म्हणून बर्नर नाही, जवळपास कुठलीही ज्योत नाही. गरम पाण्याचा बाथ, तोही ८० अंश सेल्सिअसच्या आसपास.

[दृश्य : ढवळणं सुरू. वेळ सरकताना मिश्रणाचे बदल.]

सुरुवातीची काही मिनिटं कंटाळवाणी असतात. ढवळणं थांबलं की तेलाचे थेंब पुन्हा वर जमतात. मग मिश्रण गढूळ होतं, आणि एकदा गढूळ झालं की काम वेग घेतं. थोडा साबण तयार झालेला असतो आणि तोच साबण उरलेल्या तेलाचे बारीक बारीक थेंब करून त्यांना पाण्यात धरून ठेवतो. थेंब बारीक झाले की सीमेचं क्षेत्रफळ वाढतं, अभिक्रियेला जागा मिळते. साबणच पुढच्या साबणाची वाट मोकळी करतो. मला या प्रयोगातली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते, आणि ढवळणारा माणूस नेमका तेव्हा घड्याळाकडे बघत असतो.

मिश्रण दाटलं की ते बुडबुडे सोडत उसळू लागतं. चंचुपात्रावर वाकून आत डोकावायचं नाही. ढवळत राहायचं. फारच घट्ट होऊ लागलं, तर इथेनॉल आणि पाणी समभाग मिसळून त्याची थोडी भर घालायची. साधारण अर्ध्या तासाने काचकांडीवरचा एक थेंब परीक्षानळीतल्या गरम ऊर्ध्वपातित पाण्यात सोडा आणि हलवा. फेस आला, पाणी स्वच्छ राहिलं आणि वर तेलाचा एकही डोळा दिसला नाही, तर तेल संपलं. डोळे दिसले तर आणखी दहा मिनिटं.

[दृश्य : दुसऱ्या मोठ्या चंचुपात्रात मिठाचं गार द्रावण. त्यात गरम मिश्रण ओतलं जातं.]

आत्ता या मिश्रणात साबण आहे, ग्लिसरीन आहे, इथेनॉल आहे आणि तो जास्तीचा सोडाही आहे. सगळं एकजीव. साबण वेगळा काढायला १५० मिलिलिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून गार करून ठेवलंय. मिठामुळे पाण्यात सोडिअमचे आयन एवढे वाढतात आणि पाणी त्यांच्यात इतकं गुंतून पडतं, की साबणाला विरघळून राहायला वाव उरत नाही. तो फाटलेल्या दुधासारखा पांढऱ्या गुठळ्यांनी वर येतो. ग्लिसरीन आणि सोडा मात्र खालच्या पाण्यातच राहतात.

खोबरेल तेलाचा साबण इथे थोडा हट्टीपणा करतो. त्याच्या साखळ्या आखूड, म्हणून तो खाऱ्या पाण्यातही बराच विरघळतो. समुद्राच्या पाण्यात फेस देणारा साबण खोबरेल तेलापासून करतात तो याच गुणामुळे. इतर तेलांना पुरणारं मीठ याला पुरत नाही. गुठळ्या न येता नुसतं दुधाळ, चिकट पाणी दिसलं तर साबण झालाच नाही असं समजून ते फेकू नका. मीठ कमी पडलंय. कोरडं मीठ चमचा चमचा घालून ढवळायचं आणि भांडं बर्फात ठेवायचं.

[दृश्य : बुकनर नरसाळं, गाळणकागद, चूषण पंप. गुठळ्या गाळल्या जातात.]

गाळल्यावर साबण धुवायचा, पण साध्या पाण्याने नाही, नाहीतर साबणच वाहून जाईल. बर्फात गार केलेलं मिठाचं पाणी थोडं थोडं, दोन-तीन वेळा. जास्तीचा सोडा इथेच निघतो.

[दृश्य : ओला साबण वजनकाट्यावर.]

समीकरणानुसार २० ग्रॅम तेलातून सुमारे २१ ग्रॅम साबण आणि ३ ग्रॅमच्या आत-बाहेर ग्लिसरीन मिळायला हवं. काटा मात्र ३० च्या वर दाखवतोय. यात आनंद मानण्यासारखं काही नाही, ते वजन पाण्याचं आणि मिठाचं आहे. उत्पन्न काढायचं ते साबण सुकल्यावर, आणि तेव्हाही आत अडकलेलं मीठ थोडं वजन वाढवतंच.

[दृश्य : दोन परीक्षानळ्या शेजारी शेजारी. दोन्हींत साबणाचा कण आणि फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब.]

आता राहिलेला प्रश्न. साबणात सोडा उरलाय का? डावीकडच्या नळीत साबण पाण्यात विरघळवलाय. फिनॉल्फ्थॅलिन हे दर्शक अल्कधर्मी द्रावणात गुलाबी होतं. ते घातलं आणि रंग गुलाबी. बहुतेक जण इथेच ठरवून टाकतात की सोडा शिल्लक आहे. पण हा गुलाबी रंग काहीच सिद्ध करत नाही. साबण हा दुर्बल आम्लाचा क्षार आहे. मोकळ्या सोड्याचा कणही नसलेला साबण पाण्यात घातला तरी त्याची पाण्याशी थोडी अभिक्रिया, म्हणजे जलअपघटन, होऊन पाणी अल्कधर्मी होतं. लाल लिटमसची निळी झालेली पट्टीही अशीच फसवते.

उजवीकडच्या नळीत सुकवलेला साबण कोमट, उदासीन इथेनॉलमध्ये विरघळवलाय. इथेनॉलमध्ये साबणाचं ते जलअपघटन जवळपास होतच नाही. त्यामुळे इथे गुलाबी रंग आला तर तो मोकळ्या सोड्याचाच. पहिल्या धुण्यानंतरचा नमुना गुलाबी आहे. तिसऱ्या धुण्यानंतरचा रंगहीन.

[दृश्य : गाळून उरलेलं द्रावण, विरल आम्ल, सामू-पट्टी. मग सुकलेल्या साबणाच्या डबीवर चिठ्ठी लावली जाते.]

गाळून उरलेल्या पाण्यात सोडा आणि इथेनॉल दोन्ही आहेत. गार असतानाच विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने ते सामू-पट्टीवर उदासीन करायचं आणि प्रयोगशाळेच्या नियमाप्रमाणे त्याची विल्हेवाट लावायची. साबण चाचणीत उतरला तरी अंगाला लावायचा नाही. तो ज्या भांड्यांत झाला त्यांत याआधी काय काय होतं, ते फिनॉल्फ्थॅलिन सांगत नाही. डबीवर तेलाचं नाव, तारीख आणि ‘वापरासाठी नाही’ एवढं लिहून ती नमुन्यांच्या कपाटात.