पान दिसतं एक, ऐकू येतं दुसरंच

(ग्रंथालय कार्यकर्त्यांच्या कार्यशाळेतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आमच्या वाचनालयाचं चार पानी वार्तापत्र निघतं. ते मीच लावतो, त्यामुळे आज सांगणार असलेली चूकही माझीच आहे. गेल्या वर्षी अंक मेलवर पाठवला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या एका सभासदांचा फोन आला. निवृत्त शिक्षक, दृष्टिहीन आहेत, संगणकावर ऐकून वाचतात. म्हणाले, "अहो, पुस्तकपेटी योजना आत्ता कुठे सुरू झाली, आणि लगेच दर सोमवारी बंद का ठेवताय?"

आम्ही असं काही लिहिलंच नव्हतं. पहिल्या पानावर दोन रकाने होते. डाव्या रकान्यात "पुस्तकपेटी योजना जानेवारीपासून" इथे ओळ संपत होती आणि "शेजारच्या तीन वाड्यांत सुरू होत आहे" हे पुढच्या ओळीवर. दोन रकान्यांच्या मधे एक चौकट होती, तिच्यात वाचनालयाच्या वेळा: "दर सोमवारी बंद राहील." डोळ्यांना चौकट वेगळी कळते. सरांच्या कानांवर मात्र आलं, "पुस्तकपेटी योजना जानेवारीपासून दर सोमवारी बंद राहील." व्याकरण इतकं चोख जुळलं होतं की त्यांना शंका यायचं कारणच नव्हतं.

हे का झालं? पीडीएफमध्ये पानावरचा मजकूर म्हणजे मुळात "हे अक्षर इथे काढ, ते तिथे काढ" अशा सूचना असतात. शीर्षक कुठलं, परिच्छेद कुठे संपला, चौकट कुठली, हे त्यात आपोआप येत नाही. ते सांगायला टॅग लागतात. टॅग म्हणजे पानामागे लपलेली एक अनुक्रमणिका समजा: हे मुख्य शीर्षक, हा परिच्छेद, हे चित्र, आणि ते या क्रमाने वाचायचं. मी अंक वर्डमध्ये केला आणि छापायच्या यादीतलं Microsoft Print to PDF निवडून फाइल काढली. त्या वाटेने टॅग येत नाहीत. टॅग नसले की वाचणारं सॉफ्टवेअर मजकुराच्या जागा बघून अंदाज बांधतं, आणि दोन रकाने अधिक चौकट म्हटलं की तो अंदाज असा फसतो.

दुरुस्ती पीडीएफमध्ये करायला जाऊ नका, आधी वर्डमध्ये करा. पुढच्या महिन्यात अंक बदलला की पीडीएफमधली मेहनत वाया जाते, वर्डमधली टिकते. मी तेच पान पुन्हा घेतलं. शीर्षकं मी ठळक आणि मोठी करून ठेवली होती. ठळक अक्षर हे यंत्राच्या लेखी शीर्षक नव्हे. Home मधल्या Styles मधून अंकाच्या नावाला Heading 1 दिलं आणि प्रत्येक बातमीच्या मथळ्याला Heading 2. तिथे Title नावाचीही शैली आहे, तिचा मोह टाळा. पीडीएफमध्ये ती बहुतेक वेळा साधा परिच्छेद होऊन उतरते. दिसणं आवडलं नाही म्हणून Heading 2 सोडून थेट Heading 4 घेऊ नका. शैलीचा रंग, आकार हवा तसा बदलता येतो.

याचा उपयोग काय, तर एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा, फुकट मिळणारा स्क्रीन रीडर वापरणारा माणूस H दाबत एका मथळ्यावरून दुसऱ्यावर जातो. 2 दाबलं तर फक्त दुसऱ्या पातळीचे मथळे. आपण मथळ्यांवर नजर फिरवून हवी ती बातमी धरतो ना, तेच.

दोन रकाने मी टॅब आणि स्पेस मारून पाडले होते. हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांनी तेच केलंय. तसं केलं की ओळ आडवी वाचली जाते, डावीकडचं अर्धं वाक्य आणि उजवीकडचं अर्धं. Layout मधल्या Columns ने पाडलेला रकाना वर्डला रकाना म्हणून कळतो. चौकट काढून टाकली आणि वेळा स्वतःच्या मथळ्याखाली साध्या परिच्छेदात आणल्या, त्याला कड आणि रंग दिला. तरंगती चौकट ठेवायचीच असेल तर तिचा क्रम नंतर तपासावा लागतो. चित्रांनाही In Line with Text करून मजकुरात बसवलं.

मग Save As, पीडीएफ, तिथे Options, आणि त्यात Document structure tags for accessibility या ओळीवर खूण. लिब्रेऑफिसवाल्यांना पीडीएफ निर्यात करताना Tagged PDF अशी खूण दिसेल.

आता क्रम तपासायचा. अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्ये दोन पॅनेलं आहेत, Order आणि Tags, आणि इथे अनुभवी माणसंही चुकतात. Order मध्ये दिसतो तो पानावर मजकूर रंगवला जाण्याचा क्रम. स्क्रीन रीडर वाचतो ते Tags चं झाड, वरून खाली. मी पहिल्यांदा Order मध्ये ओढाओढ केली, तर एका बातमीवर मागची रंगीत पट्टी चढून बसली आणि बातमी दिसेनाशी झाली. ऐकण्यात फरक शून्य! तेव्हा Tags उघडा, उजव्या क्लिकने Highlight Content चालू करा आणि बाणाच्या कळीने एकेक टॅग खाली उतरा. पानावर त्या त्या टॅगच्या मजकुराभोवती उमटणारी चौकट उड्या मारत कुठे जाते ते बघा. चुकीच्या जागी गेली तर तो टॅग झाडात ओढून हव्या जागी ठेवा. प्रो विकत घ्यावं लागतं. फक्त बघायचं असेल तर विंडोजवर पॅक नावाचं मोफत तपासणी सॉफ्टवेअर झाड दाखवतं.

चित्रांचं थोडं सविस्तर सांगतो. चित्र ऐकू येत नाही, म्हणून त्याला वाचून दाखवता येईल असं लिखित वर्णन जोडायचं असतं. त्या पानावर तीन चित्रं होती. आमचं बोधचिन्ह, ज्याच्या शेजारी वाचनालयाचं नाव लिहिलेलंच आहे. त्याला वर्णन नको, त्याला Mark as decorative म्हणायचं, म्हणजे ते गाळलं जातं. दुसरं, पेटीच्या उद्घाटनाचा फोटो. तिसरा आलेख, दरमहा किती सभासदांनी पुस्तकं नेली त्याचा. मी आधी त्याला वर्णन दिलं होतं, "आलेखाचे चित्र". एनव्हीडीए चित्र आल्याचं स्वतःच सांगतो, म्हणजे माझ्या वर्णनातून सरांना काहीच मिळालं नाही. दुरुस्त केल्यावर असं झालं: "जून ते डिसेंबर पुस्तकं नेणारे सभासद. जूनमध्ये ४१, ऑक्टोबरपर्यंत वाढत ६८, दिवाळीच्या सुट्टीत नोव्हेंबरला घसरून ३५, डिसेंबरला पुन्हा ६०." रंग, खांबांची जाडी, काही नाही. आलेख ज्यासाठी छापला तेवढंच. सगळे महिने द्यायचे असतील तर ते वर्णनात कोंबू नका, खाली छोटा तक्ता द्या. आणि फोटोत कोण आहे हे ओळीत छापलेलं असेल तर वर्णनात तीच नावं परत सांगू नका, माणूस दोनदा ऐकतो.

मराठीसाठी दोन गोष्टी वेगळ्या. भाषा सांगायची, वर्डमध्ये Review मधून Set Proofing Language, मराठी. अ‍ॅक्रोबॅटमध्ये File, Properties, Advanced मध्ये Language पुढे `mr` लिहायचं. नाहीतर देवनागरी कुठल्या भाषेच्या आवाजात वाचायची हे फाइल सांगतच नाही. दुसरी गोष्ट आधी करायला हवी: पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी आली तर पुढे चला. "dksY" सारखं काही आलं तर तो जुना, युनिकोडपूर्व फॉन्ट आहे. तिथे अक्षरं आतून इंग्रजीच आहेत, फक्त मराठीच्या वेषात. त्यावर कितीही सुंदर टॅग लावा, सरांना तेच ऐकू येणार. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. कधी मराठी येते पण "किती" मधली वेलांटी उडालेली किंवा पुढच्या अक्षराला चिकटलेली असते. तेव्हा फॉन्ट बदलून फाइल पुन्हा काढून बघा.

अ‍ॅक्रोबॅटचा तपासणी अहवाल हिरवा आला म्हणजे झालं, असं धरू नका. चित्राला वर्णन आहे की नाही एवढंच तो बघतो. "आलेखाचे चित्र" त्याच्या लेखी उत्तीर्ण. वाचनक्रमापुढे तर तो स्वतःच Needs manual check लिहून हात वर करतो. म्हणून मी पाठवण्याआधी एनव्हीडीए लावतो, संगणकाचा पडदा बंद करतो आणि पहिलं पान ऐकतो. सात-आठ मिनिटं लागतात.

कुणीतरी मघाशी विचारलं की स्कॅन केलेल्या जुन्या अहवालांचं काय. स्कॅन म्हणजे आख्खं पान एक फोटो, त्यात टॅग लावायला मजकूरच नाही. आधी ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करून घ्यायचा. टेसरॅक्ट या मोफत साधनाला मराठी येते, पण जुन्या छपाईतली जोडाक्षरं चुकतात, ती बसून सुधारावी लागतात. आमचे १९९८ पासूनचे अहवाल तसेच पडून होते. दोन मुली शनिवारी येऊन सुधारतात, आत्ता २००३ चालू आहे.