गौरीच्या जेवणाचा दिवस आणि त्यानंतरची रात्र

श्रोतेहो, नमस्कार.

ज्येष्ठागौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर जातात. या तीन दिवसांत माझ्याकडे आहारसल्ल्यासाठी येणाऱ्या काही जणींची झोप उडालेली असते. यंदा गावी जायचं की रजा नाही म्हणून सांगायचं, हा त्यांचा प्रश्न. त्यांच्यापैकी एकीची गोष्ट तिच्या परवानगीने आणि ओळख लपवून सांगते.

तिचं वय एकोणतीस, नोकरी पुण्यात, सासर सातारा जिल्ह्यातल्या एका गावात. लग्नानंतरच्या पहिल्या गौरींना तिने आधीचे चार दिवस जवळजवळ उपाशी काढले होते. गोडाधोडाची जागा करायची म्हणून. जेवणाच्या दिवशी फक्त चहा घेतला. मनात ठरवलं होतं, पुरणपोळी एकच खायची. नैवेद्य दाखवायला दीड वाजला. आधी मुलांची आणि पुरुषांची पंगत, मग बायका बसल्या तेव्हा तीन वाजले होते. आत्यासासूबाईंनी दुसरी पोळी वाढली आणि तिला वाटलं, नियम मोडला, आता आजचा दिवस गेलाच. पंगतीत ती बेताने जेवली. पण रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात, दिवा न लावता, उभ्याउभ्या पुरणाचा डबा संपवला, मग करंज्या. चव लागत नव्हती आणि हात थांबत नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने काहीच खाल्लं नाही. पुढच्या वर्षी ती गावी गेलीच नाही.

थोड्या वेळात नेहमीपेक्षा खूपच जास्त खाल्लं जाणं आणि त्यावर आपला ताबा राहिला नाही असं वाटणं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की त्याला आम्ही बिंज म्हणतो. सणाला पोट तुडुंब भरेपर्यंत जेवणं म्हणजे बिंज नव्हे. तसं आपण सगळेच जेवतो आणि वामकुक्षी घेतो.

मग हात का थांबत नाही? अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 साली 36 निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला गेला. त्यांच्या डोक्यात दिवसरात्र अन्नाचेच विचार घोळू लागले. पुन्हा पोटभर मिळू लागल्यावर काही जण पोट भरूनही खातच राहिले. आधी ही माणसं खाण्याबाबत अगदी सर्वसाधारण होती. म्हणून चार दिवस उपाशी राहिलेल्या सुनेच्या रात्रीच्या खाण्याला मी हावरटपणा म्हणत नाही. शरीर आपली वसुली करत असतं. त्यात मनाचा 'एकच पोळी' हा नियम मोडलेला असतो, त्यामुळे थांबायचं कारणही उरत नाही.

तिसऱ्या वर्षी आम्ही दोघींनी दिवसाची आखणी केली. ऑक्सफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ क्रिस्टोफर फेअरबर्न यांच्या उपचारपद्धतीचा पाया नियमित खाणं हा आहे. तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा थोडं खाणं, आणि दोन खाण्यांत तीन-चार तासांहून जास्त अंतर नाही. ऐकायला सोपं आहे, पण गौरीच्या घरात ते बसवायचं कसं? नैवेद्याआधी स्वयंपाक करणाऱ्या बाईने तोंडात काही घालायचं नाही, अशी रीत.

ती आठ दिवस आधी सासूबाईंशी फोनवर बोलली. आजाराचं सगळं सांगितलं नाही, एवढंच म्हणाली, "आई, मला फार वेळ उपाशी राहून चालत नाही, डॉक्टरांनी सांगितलंय." सासूबाई म्हणाल्या, "अगं, मग आंघोळीआधीच खाऊन घे की. मी नाही का गोळीसाठी दोन बिस्किटं खात!" मला हे संभाषण फार मोलाचं वाटतं. लहान मुलं, आजारी माणसं, गरोदर बायका यांना आपल्या घरांनी नेहमीच सूट दिली आहे. ती मागावी लागते इतकंच.

गौरी येतात त्या दिवशी त्यांच्याकडे भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो. त्यातली उरलेली भाकरी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिने दुधात कुस्करून खाल्ली, मग आंघोळ करून पुरण वाटायला बसली. साडेदहाला पडवीत येऊन केळं आणि मूठभर शेंगदाणे. एक वाजता वाटीभर ताक. तीन वाजता पानावर बसली तेव्हा भूक होती, पण हात कापत नव्हते.

पानावर किती खायचं याचा आकडा आम्ही मुद्दाम ठरवला नव्हता. आकडा ठरवला की तो मोडतो, आणि मोडला की रात्र बिघडते. पंगतीचा क्रमच तिला सांभाळून नेतो, असं मी सांगितलं होतं. आधी वरणभात, मग तूप घालून पोळी आणि कटाची आमटी, शेवटी ताकभात. ताकभात आला की जेवण संपलं. आग्रहाला तिने पानावर आडवा हात धरून "पोट भरलं, आत्या, लागली तर मागून घेईन" एवढंच उत्तर दिलं. कारणं दिली की वाद होतो. लग्नातल्या बुफेत हा शेवट नसतो. तिथे एक ताट वाढून घेऊन खुर्चीवर बसून जेवावं, आणि ताकाचा किंवा विड्याचा शेवट आपणच ठरवावा.

रात्री साडेआठला कोणालाच भूक नव्हती. तरी तिने सगळ्यांबरोबर थोडा कढीभात खाल्ला. झाकपाक या वेळी एकटीने केली नाही, जाऊबाई बरोबर होत्या. आणि पुरणपोळी उद्या सकाळी चहाबरोबर सगळ्यांसोबत खायची, हे आधीच ठरलेलं होतं. जे उद्या उजेडात मिळणार आहे, त्याची रात्री चोरून ओढ कमी लागते.

विसर्जनाच्या दिवशी मात्र घसरण झाली. हळदीकुंकवाला आलेल्या कोणीतरी "भरलीस गं जरा" म्हणाल्या, आणि ती आत जाऊन सात-आठ करंज्या भराभर खाऊन आली. इथेच खरी परीक्षा होती. जुनी सवय म्हणाली, आता उद्यापर्यंत काही खाऊ नकोस. ती नवऱ्याला घेऊन नदीपर्यंत चालत गेली, त्याला झालं ते सांगितलं, आणि ठरलेल्या वेळी, भूक नसतानाही, थोडा आमटीभात जेवली. भरपाईचा उपास केला नाही म्हणून पुढची बिंज झाली नाही. पाहुण्यांनो, कोणाच्या अंगावर काय चढलं, काय उतरलं, हे कृपा करून बोलू नका. कौतुक म्हणूनही नको.

मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी सणाच्या दिवसाच्या वेळा आपल्या डॉक्टरांशी ठरवून घ्याव्यात. आणि असं ताबा सुटून खाणं आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने चालू असेल, तर एकट्याने झुंजू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. खाल्ल्यावर उलटी काढणं किंवा जुलाबाच्या गोळ्या घेणं सुरू झालं असेल, तर तीन महिनेही थांबू नका. त्याने रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. चक्कर आली, छातीत धडधडलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा मोफत आहे, मराठीत बोलता येतं. क्रमांक लिहून घ्या: 14416. पुन्हा सांगते, एक चार चार एक सहा.

नमस्कार.