छापील किमतीच्या जागी काय आहे?

टेबलावर एकाच औषधाच्या तीन पट्ट्या आहेत. पॅन्टोप्राझोल, ४० मिलिग्रॅम. पहिली मेडिकलमधली. तिच्यावर बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, एक्स्पायरी आणि एमआरपी आहे.

दुसरी कंपनीच्या प्रतिनिधीने डॉक्टरांना दिलेली. बॅच आहे, एक्स्पायरी आहे, पण किंमत नाही. त्याऐवजी ही ओळ: 'फिजिशियन्स सॅम्पल, नॉट टू बी सोल्ड'. औषध नियम १९४५ मधल्या नियम ९६ नुसार मोफत नमुन्यावर हे शब्द छापावेच लागतात. तिसरी पट्टी सरकारी रुग्णालयातली. 'शासकीय पुरवठा, विक्रीसाठी नाही'. कामगार विमा योजनेच्या किंवा सैन्यदलाच्या औषधांवरही त्यांची अशीच खूण असते.

आता खोका जवळून पाहू. नमुन्याची ओळ नेहमीच्या लेबलवर वरून उमटवलेली असते, म्हणून नमुना दुकानात विकता यावा यासाठी ती पुसायचाही प्रयत्न होतो. कापसावर थिनर घेऊन घासलं की अक्षरं जातात, पण त्यांच्यासोबत खोक्याची चकाकीही जाते. खोका उजेडात तिरका धरा. हा इथे निस्तेज चौकोन दिसतोय, आणि त्याच्यावर रबरी शिक्क्याची एमआरपी. बॅच नंबर एका शाईत, किंमत दुसऱ्या. असं दिसलं तर आतली पट्टी बाहेर काढा आणि दोन्हींवरचा बॅच नंबर अक्षर न अक्षर जुळवा. इथे खोक्यावरचा शेवटचा अंक ७ आहे, पट्टीवरचा १. म्हणजे खोका एकाचा, औषध दुसऱ्याचं.

पट्टीच्या फॉइलवर ही ओळ बहुधा पुन्हा पुन्हा छापलेली असते. ती खरवडली तर अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडे उठतात. त्यामुळे पट्टीच कापून देणं सोपं पडतं: चार गोळ्या हातात येतात, शब्द अर्धेच उरतात. सुट्या गोळ्या घेताना पूर्ण पट्टी आधी दाखवायला सांगा, आणि बिलावर बॅच नंबर मागा. बिल देताना दुकानदार कचरला तर ते औषध घेऊ नका.

एक गफलत टाळा. जनऔषधी केंद्रातली औषधं विकण्यासाठीच असतात, त्यांच्यावर एमआरपी असते. आणि डॉक्टरांनी स्वतःच्या रुग्णाला नमुना फुकट दिला, तर त्यात गैर काही नाही. दुकानाचं तसं नाही. नियम ६५ प्रमाणे नमुन्याची किंवा सरकारी खुणेची औषधं विकणं तर सोडाच, दुकानात ठेवणंही मना आहे. सूट फक्त अशा योजनांना पुरवठा करायला रीतसर नेमलेल्या विक्रेत्यांना, तीही साठा आणि नोंदवही वेगळी ठेवली तरच.

असा माल कुठे, किती उष्णतेत पडून होता याची नोंद कुठेच नसते, आणि सरकारी पट्टी दुकानात पोचली की रुग्णालयातल्या कुणाची तरी गोळी कमी झालेली असते.

संशय आला तर खोका, पट्टी आणि बिल तिन्ही जपून ठेवा, फोटो काढा आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात औषध निरीक्षकाकडे लेखी तक्रार द्या. उरलेल्या गोळ्या टाकू नका, तपासणीला त्याच लागतात.