गोल कॉलरचं वळण

सहा वर्षांच्या मुलीचा फ्रॉक. मागे उघडणारा, म्हणून कॉलर दोन तुकड्यांत, पुढे मध्यावर भेटणारी.

ताई कॉलरचा खाका काढताहेत. पुढच्या आणि मागच्या बॉडीचे कागद खांद्याशी जुळवले. गळ्याकडची टोकं टेकलेली आहेत, पण मुंढ्याकडे बघा: एक कागद दुसऱ्यावर अर्धा इंच चढवलाय. तेवढ्यानं कॉलरची बाहेरची कड आखूड होते, म्हणून कापड गळ्याशी किंचित उठतं आणि मग खाली वळतं. कागद न चढवता कापली, तर कॉलर अगदी सपाट पडते आणि गळ्याची शिलाई वरून डोकावते.

वरच्या पदराला इस्त्रीनं चिकटणारं पातळ फ्युझिंग. ते शिलाईबाहेरची माया वगळून कापलंय, शिलाईत जाडी नको म्हणून. इस्त्री ठेवायची, दाबायची, उचलायची. घासली की कापड ताणतं आणि गोलाई तिथंच बिघडते.

खालचा पदर बाहेरच्या कडेला अर्धा सूत कमी आहे. दोन्ही कडा जुळवून, बारीक टाका ठेवून शिलाई मारली, की वरचा पदर जरा सैल राहतो. उलटवल्यावर शिलाई खालच्या अंगाला सरकते ती यामुळे.

आता कात्री. इथे घाई नको.

वरच्या पदराची माया पाव इंच ठेवली, खालच्याची त्याच्या निम्मी. दोन्ही एकाच जागी संपल्या असत्या, तर इस्त्रीनंतर कॉलरवर आतून रेघ उठली असती. मग गोलाईवर त्रिकोणी खाचा, टाक्यापासून दोन दोरे अलीकडे थांबणाऱ्या. उलटवल्यावर बाहेरच्या कडेची माया आतल्या लहान गोलात बसवावी लागते. नुसती चीर दिली तर कापडावर कापड चढतं, त्यामुळे जास्तीचा त्रिकोण काढूनच टाकायचा.

ही दुसरी कॉलर ताईंनी आम्हाला दाखवायला न छाटता उलटवली. कड बघा. गोल नाही, कोनाकोनाची झालीय, आणि कितीही इस्त्री केली तरी ती तशीच राहणार. नगावर मजुरी असते तिथं सगळ्यात आधी हीच छाटणी सुटते.

छाटलेली कॉलर बोटावर वळवली. गळ्याच्या कडेला खालचा पदर थोडा बाहेर आला. तो ओढून जुळवायचा नाही. कॉलर वळलेली असतानाच कच्चा दोरा घालायचा आणि बाहेर आलेलं कापायचं.

कॉलर गळ्यावर, तिच्यावर उरेब पट्टी, आणि तिन्हींवरून एक शिलाई. इथली गोलाई आतल्या बाजूची, माया उघडायला हवी, म्हणून खाचा नाहीत, साध्या चिरा. माया पट्टीकडे वळवून पट्टीवरच, कडेलगत दाब शिलाई. मग पट्टी आत दुमडून हातशिलाईनं बॉडीला टाचली.

फ्रॉक हँगरवर. गळ्याभोवती एकही टाका दिसत नाही.